‘भगरीतून विषबाधा’ : हे ठरवले कोणी?

६ फेब्रुवारी २०२४. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातले कोष्टवाडी गाव. एकादशीचा दिवस, गावात धार्मिक कार्यक्रम. सावरगाव, रिसनगाव, मस्की अशा आजूबाजूच्या गावांतूनही माणसे आलेली. संध्याकाळी पाचच्या सुमारास उपवासाचा महाप्रसाद झाला, त्यात भगर होती. मध्यरात्र उलटल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले. आधी दीडशे माणसे लोह्याच्या रुग्णालयात आली, मग रीघच लागली. साधारण दोन हजार जणांना त्रास झाल्याच्या आणि ८७० जणांना वेगवेगळ्या रुग्णालयांत दाखल केल्याच्या बातम्या आल्या. नमुने घेतले गेले, गावागावांत पाहणीसाठी पथके गेली.

त्या दिवसापासून आजपर्यंत ज्यांच्याशी हा विषय निघाला, त्या प्रत्येकाने मला एकच वाक्य ऐकवले : ‘डॉक्टर, भगरीतून विषबाधा झाली.’ रुग्ण हेच म्हणतात, नातेवाईक हेच म्हणतात, आणि खरे सांगायचे तर माझे कितीतरी डॉक्टर मित्रही हेच म्हणतात. माझा प्रश्न साधा आहे. हे ठरवले कोणी? कशावरून?

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे कारण आधी ठरते आणि तपास मागून येतो. मराठवाड्यात सप्ता असो, लग्न असो, उरूस असो, जेवणातून माणसे आजारी पडली की दोन तासांत आरोपी पक्का होतो. उपवास असेल तर भगर, लग्न असेल तर आचारी, आणि काहीच सुचले नाही तर वरणात पडलेली पाल. (घरातली पाल विषारी नसते, हे जाता जाता लक्षात ठेवा.) हा आरोपी खराही असू शकतो. पण ‘असू शकतो’ आणि ‘आहे’ यांच्यामध्ये काही पायऱ्या आहेत. त्या गाळल्या, तर खरे कारण तिथेच राहते आणि पुढच्या गावाची वाट पाहते.

‘विषबाधा’ म्हणजे नेमके काय झाले?

पहिली पायरी निदान पक्के करण्याची. ‘विषबाधा’ हा शब्द निदानासारखा वाटतो, पण त्यातून एवढेच कळते की खाल्ल्यावर त्रास झाला. जंतूंनी आधीच अन्नात तयार करून ठेवलेले विष पोटात गेले, की जिवंत जंतू पोटात जाऊन तिथे वाढले, की धान्यावरच्या बुरशीचे विष होते, की पाण्यातून कॉलरा आला, हे त्या शब्दातून कळत नाही. चारही प्रकारांत माणूस उलट्या-जुलाबच करतो.

तुम्ही म्हणाल, सलाइन आणि ओआरएस तर सगळ्यांना सारखेच द्यायचे, मग कारण हवे कशाला? खाटेवरच्या माणसापुरते तुमचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. पण विहिरीत दोष असेल तर गाव उद्याही तेच पाणी पिणार आहे. धान्यात दोष असेल तर त्याच पोत्यातला माल दुसऱ्या तालुक्यात विकला जातो आहे. आणि शिजवून ठेवण्यात चूक असेल, तर पुढच्या एकादशीला तोच आचारी, तीच कढई आणि तीच चूक.

म्हणून निदानासाठी नमुना लागतो, आणि तो वेळेत लागतो. शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायचा असतो. एकदा गोळ्या पोटात गेल्या की प्रयोगशाळेत जंतू वाढण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. सगळ्या रुग्णांचे नमुने लागत नाहीत. नुकताच त्रास सुरू झालेल्या दहा-पंधरा जणांचे नीट घेतलेले नमुने पुष्कळ काही सांगून जातात. दुसरा नमुना उरलेल्या अन्नाचा. आणि इथे आपणच पुरावा नष्ट करतो. माणसे आजारी पडल्याचे कळताच घाबरून पातेली रिकामी करतात, घासून पालथी घालतात. मग तपासायला दुकानातले सीलबंद पाकीट उरते. ते पाकीट चांगले निघाले तरी ताटातले अन्न चांगले होते हे सिद्ध होत नाही, कारण बिघाड शिजवल्यानंतरही होऊ शकतो.

निदानाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे रुग्ण कोणाला म्हणायचे हे ठरवणे. हजार माणसे घाबरलेली असतात तेव्हा नुसते मळमळणारा, शेजारच्याला उलटी झालेली बघून ज्याला कसेतरी होते तो, आणि खरोखर दहा जुलाब झालेला, असे सगळे एकाच रांगेत उभे असतात. उपचार सगळ्यांना द्या, पण मोजताना एक व्याख्या हवी. उदाहरणार्थ : ‘६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पाचनंतर तीन दिवसांत, या पाच गावांतल्या ज्या माणसाला उलटी झाली किंवा चोवीस तासांत तीन वा अधिक पातळ जुलाब झाले, तो रुग्ण.’ या व्याख्येत भगरीचा उल्लेख नाही, हे बघा. तो मुद्दाम टाळायचा असतो. ‘भगर खाऊन आजारी पडलेला तो रुग्ण’ अशी व्याख्या केली, तर भगर न खाता आजारी पडलेला माणूस यादीतच येणार नाही आणि भगर आपोआप दोषी ठरेल.

घड्याळ काय सांगते?

दुसरी पायरी साथीचा आलेख काढण्याची. याला संगणक लागत नाही, चौकटीची वही पुरते. आडव्या रेषेवर वेळ मांडायची आणि प्रत्येक रुग्णासाठी त्याच्या वेळेवर एक चौकट रंगवायची. चौकटींवर चौकटी चढत जातात आणि एक आकृती तयार होते.

पण वेळ कुठली? दवाखान्यात आल्याची नव्हे. पहिली उलटी किंवा पहिला जुलाब झाल्याची. केसपेपरवर आपण आल्याची वेळ लिहितो आणि तिथेच घोळ होतो. रात्री अकराला त्रास सुरू झालेली म्हातारी गाडी मिळेपर्यंत पहाटे पाचला पोहोचते. आल्याच्या वेळेवरून काढलेला आलेख आजाराचा राहत नाही, तो गावातल्या वाहनांचा होतो.

दुसरी चूक म्हणजे दिवसाला एक खांब काढणे. जेवणातून आलेल्या साथीत सगळा खेळ काही तासांचा असतो. दिवसाचा हिशेब मांडला तर एकच उंच मनोरा दिसेल आणि आत काय घडले ते झाकून जाईल. ढोबळ नियम असा की आजाराला दिसायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याची एक पट्टी घ्यावी. बारा तास लागत असतील तर तीन तासांची पट्टी, सहा तास लागत असतील तर दीड तासाची.

आता आकृती बघा. सगळ्यांनी एकाच वेळी एकच दूषित वस्तू खाल्ली असेल तर खांब झपाट्याने चढतात, एक शिखर येते आणि मग उतार लागतो. विहीर किंवा नळ दूषित असेल आणि लोक रोज तेच पाणी पीत असतील, तर रुग्ण दिवसेंदिवस येत राहतात, शिखराऐवजी पठार दिसते. आणि पहिल्या शिखरानंतर एक-दोन दिवसांनी, जे जेवायला गेलेच नव्हते अशा घरातल्या माणसांचा दुसरा उंचवटा आला, तर आजार माणसाकडून माणसाकडे जातो आहे असे समजावे. बुरशीचे विष असे पसरत नाही.

जेवणाची वेळ माहीत असेल तर आलेखातून आणखी एक गोष्ट हाती लागते. जेवण ते पहिला त्रास हे अंतर. एक ते सहा तासांत उलट्यांचाच जोर असेल, तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय येतो. हाताच्या जखमेतून, नाकातून अन्नात जाणारा स्टॅफिलोकॉकस हा त्यातला नेहमीचा गुन्हेगार. सहा ते सोळा तासांत, पोटात मुरडा आणि जुलाब जास्त असतील, तर मोठ्या भांड्यात शिजवून तसेच कोमट ठेवलेल्या अन्नात वाढणारे जंतू डोळ्यांसमोर येतात. अर्ध्या दिवसानंतर तापासह जुलाब सुरू झाले, तर साल्मोनेलासारखे जंतू. या सीमा काटेकोर नाहीत, एकमेकींत मिसळतात. पण संशयितांची यादी मात्र चांगलीच लहान होते.

कोष्टवाडीच्या बातम्यांत जेवण संध्याकाळी पाचचे आणि त्रास मध्यरात्रीनंतरचा, पहाटेचा आहे. म्हणजे सात ते बारा तास. ही वेळ पहिल्या त्रासाची असेल तर ती मधल्या गटाकडे बोट दाखवते. ही वेळ दवाखान्यात पोहोचल्याची असेल तर खरा त्रास आधी सुरू झालेला असणार आणि बोट पहिल्या गटाकडे वळते. एका घड्याळाच्या नोंदीवर संशयित बदलतो. म्हणून मी त्या वेळेसाठी एवढा हट्ट धरतो.

धडधाकट माणसाला विचारा

तिसरी पायरी आपल्याकडे सर्वांत जास्त गाळली जाते. आपण फक्त आजारी माणसाला विचारतो, ‘काय खाल्ले?’ तो म्हणतो, ‘भगर.’ दुसरा म्हणतो, ‘भगर.’ शंभर जण म्हणतात, ‘भगर.’ झाले, लागला निकाल! पण एकादशीच्या प्रसादाला गेलेला, ठणठणीत राहिलेला माणूसही भगरच खाऊन आला आहे. त्याला कोणी विचारलेच नाही.

हे का विचारायचे, ते एका जुन्या साथीवरून सांगतो. ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना जगभर शिकवतात. १८ एप्रिल १९४० रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्यात चर्चचे सामुदायिक जेवण झाले. आपल्या गावजेवणासारखेच, घरोघरच्यांनी करून आणलेले पदार्थ. ८० जण जेवले, त्यांतल्या ७५ जणांशी तपासकांना बोलता आले. ४६ आजारी होते, २९ ठणठणीत. तपासकांनी सगळ्यांना, प्रत्येक पदार्थाबद्दल, खाल्ला की नाही हे विचारले.

हॅम म्हणजे डुकराचे मांस खाल्लेले ४६ जण होते, त्यांतले २९ आजारी पडले. शंभरात ६३. इथेच थांबले असते तर हॅम फासावर गेले असते. पण हॅम न खाल्लेले २९ जण होते आणि त्यांतलेही १७ आजारी होते. शंभरात ५९. म्हणजे हॅम खा वा न खा, फरक जवळजवळ नाही. आता व्हॅनिला आइस्क्रीम. खाल्लेल्या ५४ जणांतले ४३ आजारी, शंभरात ८०. न खाल्लेल्या २१ जणांतले फक्त ३ आजारी, शंभरात १४. गुन्हेगार सापडला, आणि तो सापडला निरोगी माणसांमुळे. त्या तिघांचे काय? कोणाला आपण काय खाल्ले ते नीट आठवत नाही, कधी एकाच चमच्याने दोन पदार्थ वाढले जातात. तपासात अशी थोडी माणसे उरतातच.

त्या साथीत आणखी एक मुलगा होता. तो जेवणाला गेलाच नव्हता, आणि संध्याकाळचे जेवण सुरू होण्याआधीच दुपारी तीनला आजारी पडला होता. आलेखावर सगळ्यांपासून दूर, एकटी चौकट. चूक समजून खोडून टाकावी अशी. विचारल्यावर कळले की सकाळी अकराला आइस्क्रीम बनत असतानाच त्याने ते खाल्ले होते. त्या एकट्या चौकटीने पदार्थही सांगितला आणि बिघाड वाढण्यापूर्वीच, बनवतानाच झाला होता हेही सांगितले.

आता तुम्ही मला अडवाल, आणि बरोबर अडवाल. ‘डॉक्टर, महाप्रसादात सगळेच सगळे खातात. न खाल्लेला माणूस आणायचा कुठून?’ लग्नात हे सोपे असते. मे २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यातल्या केदारपूरच्या लग्नात जेवून तीनशेहून अधिक माणसे आजारी पडली होती. लग्नाच्या पंगतीत कोणी भाजी घेत नाही, कोणी गोड घेत नाही, तुलना करता येते. प्रसादात तुलना वेगळी शोधावी लागते. पहिल्या पंगतीला बसलेले किती आजारी आणि शेवटच्या पंगतीचे किती? पहिल्या पंगतीत कमी आणि शेवटच्या पंगतीत जास्त असतील, तर अन्न ठेवल्यावर बिघडले. दोन कढयांत शिजवले असेल तर कुठल्या कढईचे? आणि सर्वांत मोलाचा साक्षीदार म्हणजे डब्यातला प्रसाद. आपल्याकडे घरच्या म्हाताऱ्यांसाठी डबा भरून नेतातच. कार्यक्रमाला न गेलेली, तिथले पाणी न प्यायलेली, फक्त डब्यातला प्रसाद खाल्लेली आजी आजारी पडली का? पडली, तर पाण्यावरचा संशय बराच कमी होतो. ती तुमची ऑस्वेगोच्या मुलासारखी एकटी चौकट आहे.

‘भगर’ हा अंदाजही पुरा नाही

एवढे झाल्यावर मगच उगमाबद्दल अंदाज बांधायचा. आणि तो असा बांधायचा की खोटा असेल तर पकडला जाईल. ‘भगरीमुळे’ एवढे म्हणणे पुरत नाही, कारण त्यात निदान दोन वेगळे अंदाज लपलेले आहेत.

पहिला : धान्यच खराब होते. भगर, विशेषतः दळलेली, दमट जागी ठेवली की तिच्यावर बुरशी धरते. बुरशीची काही विषे शिजवूनही जात नाहीत. दुसरा : धान्य चांगले होते, शिजवल्यावर बिघडले. तांदळात आणि तशाच धान्यांत बॅसिलस सेरियस नावाचे जंतू बीजरूपाने असतात. ते बीज उकळीतही तग धरते. मोठ्या कढईत शिजवलेले अन्न मधोमध तासन्‌तास कोमट राहते आणि तिथे हे जंतू वाढतात.

दोन्ही अंदाजांत भगरच दोषी, पण भाकीत वेगळे. धान्य खराब असेल तर त्याच दुकानातून, त्याच मालातली भगर नेऊन त्याच एकादशीला घरी शिजवून गरम गरम खाल्लेली कुटुंबेही आजारी पडायला हवीत, अगदी दुसऱ्या गावातलीही. ती ठणठणीत असतील आणि फक्त मांडवातले आजारी असतील, तर दोष पोत्यात नसून कढईत आहे. हे तपासायला महागडी यंत्रे लागत नाहीत. दुकानदाराची वही आणि दहा घरांची दारे ठोठावणे एवढेच लागते. पण दुकानाला आधीच टाळे ठोकले आणि दुकानदार पळून गेला, तर ती वहीही गेली.

आता मला दिले जाणारे नेहमीचे उत्तर : ‘रुग्णांचा जीव वाचवायचा की चौकटी रंगवायच्या?’ हे उत्तर ऐकायला मोठे माणुसकीचे वाटते, पण ते आळसाचे आहे. सलाइन लावणारे हात चौकटी रंगवणारे नसतात. जिल्ह्यात शीघ्र प्रतिसाद पथके याच कामासाठी आहेत. आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘पहिली उलटी किती वाजता? कुठल्या पंगतीला बसला होता? डबा कोणासाठी नेला होता?’ हे विचारून लिहायला एक आशा ताई आणि एक वही पुरते. एका माणसाला दोन मिनिटे. चोवीस तासांनी विचारले तर मात्र तोच माणूस वेळ विसरलेला असतो, आणि सगळे गाव एकच गोष्ट सांगायला शिकलेले असते.

या सगळ्याची मर्यादाही सांगतो. इतके करूनही कधीकधी जंतू सापडत नाही. विष तयार करून जंतू मरून गेलेला असतो, नमुना उशिरा पोहोचलेला असतो. तरीही आलेख आणि तुलना हातात असेल, तर ‘जंतू सापडला नाही, पण दोष दुसऱ्या कढईतल्या, चार तास ठेवलेल्या अन्नात होता’ इतके म्हणता येते. पुढची पंगत वाचवायला तेवढे पुरते.

तुमच्या गावात, तुमच्या मांडवात असे घडले, तर उरलेले अन्न फेकू नका. प्रत्येक पदार्थाची वाटीभर, स्वच्छ चमच्याने, स्वच्छ डब्यात वेगवेगळी काढा, झाकण लावा, वर वेळ लिहा, फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवा आणि आरोग्य केंद्राला द्या. कोणी चवही घेऊ नका. आपला पहिला त्रास किती वाजता सुरू झाला ते मोबाइलमध्ये टिपून ठेवा. आणि तुम्ही जेवलात पण तुम्हाला काहीच झाले नाही, तर ‘माझे काय काम’ म्हणून घरी बसू नका. पथक गावात आले की स्वतःहून पुढे या आणि सांगा की मी हे खाल्ले, हे खाल्ले नाही, या पंगतीला बसलो आणि मला काही झाले नाही.

त्यानंतर कोणी ‘भगरीतून विषबाधा’ म्हणाले, तर त्याला विचारा : ज्यांना काही झाले नाही, त्यांनी काय खाल्ले होते?